बरणीतले मिसळलेले खिळे फोटोवरून कसे ओळखायचे: वायर खिळा, काँक्रीट खिळा, पत्र्याचा खिळा आणि चूक

मे महिन्याच्या शेवटी खानापूर तालुक्यात दोन कामं एकदम निघतात, कौलं चाळायची आणि गोठ्याचे पत्रे ठोकायचे. मृग लागायच्या आत छप्पर बंद झालं नाही तर पुढे चार महिने बादल्या मांडून बसावं लागतं. त्या दिवसांत मला हमखास फोटो येतात. हार्डवेअरच्या दुकानात वीस-बावीस वर्षं काढल्यामुळे आमच्या गोतावळ्यात खिळ्यांची पंचाईत माझ्याकडेच येते. यंदा जांबोटीकडच्या भाच्याने लोणच्याच्या जुन्या बरणीचा फोटो पाठवला. बरणीत आजोबांच्या वेळचे आणि नंतर पडत गेलेले किलोभर खिळे होते. खाली लिहिलं होतं, "मामा, ह्यातले पत्र्याला कुठले चालतात बघा की ओ. उगीच बेळगावला फेरी नको."

मी त्याला कळवलं की या फोटोवरून काहीच सांगता येणार नाही, आधी बरणी रिकामी कर.

काचेतून काढलेला फोटो का चालत नाही

बरणी गोल असते. गोल काचेमागची वस्तू आडवी फुगलेली किंवा आखडलेली दिसते, त्यामुळे खिळ्याची जाडी आणि डोक्याची रुंदी दोन्ही फसवतात. आपली ओळख नेमकी या दोन मापांवरच उभी आहे. शिवाय बरणीत खिळे एकमेकांवर पडलेले असतात. एकाचं डोकं दिसतं, दुसऱ्याचं टोक दिसतं, आणि डोळा ती दोन्ही एकाच खिळ्याची समजून जोडून टाकतो. अशा जोडणीतून मी स्वतः एकदा दुकानात बसून नसलेला खिळा "ओळखला" होता.

फोटो असा काढायचा. गडद, चमक नसलेल्या कापडावर मूठभर खिळे पसरा. काळी छत्री उलगडून ठेवली तरी चालते. प्रत्येक खिळा आडवा पडलेला आणि सुटा हवा. सगळी बरणी एकदम ओतू नका, वीस-पंचवीस खिळे पुरेत. उजेड खिडकीतून बाजूने येऊ द्या आणि फ्लॅश बंद ठेवा. फ्लॅशमध्ये जस्ताचा मुलामा आणि उघडं पोलाद दोन्ही पांढरी फटक दिसतात, आणि दांडीवरच्या बारीक रेघा तर पुसूनच जातात. बाजूच्या उजेडात त्या रेघांची सावली पडते म्हणून त्या दिसतात.

फोन खिळ्यांच्या अगदी वर, सपाट धरा. जवळ जाऊ नका, हातभर लांबून दुप्पट झूम करा. जवळून काढलेल्या फोटोत मधले खिळे मोठे आणि कडेचे लहान येतात, तिरका धरला तर एक टोक जाड आणि दुसरं बारीक दिसतं. शेवटची गोष्ट म्हणजे खिळ्यांशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवा. दोन आणि पाच रुपयांच्या नाण्यांचे आकार मधल्या काळात बदलले, त्यामुळे त्यांच्यावर माप धरलं तर घोळ होतो. दोन धातूंचं दहाचं नाणं मात्र नव्या-जुन्या दोन्ही छापांत 27 मिलिमीटरचंच आहे.

फोटो दोन हवेत. एक असा आडवा, आणि दुसरा काही खिळे डोक्यावर उभे करून किंवा डोकं कॅमेऱ्याकडे करून काढलेला. पत्र्याच्या खिळ्यासाठी हा दुसरा फोटो फार उपयोगी पडतो.

आधी चुका वेगळ्या करा

ओळखताना सोप्यापासून सुरुवात करायची. सगळ्यात आधी चूक बाजूला पडते. पण इथे शब्दाचाच गोंधळ आहे. आपल्याकडे कोणताही लहान खिळा म्हणजे चूक. सुतार अर्ध्या इंचाचा वायर खिळाही चूक म्हणून मागतो आणि चांभार बुटाच्या तळाला मारायची तीही चूकच. कानडी बोलणारं गिऱ्हाईक सगळ्यांनाच मोळे म्हणतं, आणि सीमेवरच्या आपल्या मराठीतही मोळा हा शब्द लहान-मोठ्या सगळ्यांना चालतो. म्हणून नावावर जाऊ नका, अंगलट बघा.

खरी चूक पत्र्याच्या पट्टीतून कापलेली असते, तारेपासून केलेली नसते. त्यामुळे तिची दांडी डोक्यापाशी रुंद असते आणि टोकापर्यंत सरळ निमुळती होत जाते. आडवा छेद चौकोनी किंवा चपटा असतो. लहान वायर खिळ्याची दांडी मात्र डोक्यापासून टोकाच्या जरा आधीपर्यंत एकाच जाडीची असते आणि टोकालाच काय ती तासलेली असते. फोटोत हे तपासायला कागदाची सरळ कड पडद्यावर दांडीच्या एका बाजूला लावा आणि दुसरी बाजू कडेला समांतर जाते की तिच्याकडे झुकते ते पाहा. झुकत असेल तर चूक. बहुतेक चुका इंचाच्या आत असतात, रंग निळसर काळा असतो, आणि डोकं पातळ, थोडं वाकडंतिकडं असतं.

एक अडचण येते. चपट्या अंगावर पडलेली चूक फोटोत रुंद दिसते आणि कडेवर पडलेली बारीक, त्यामुळे एकाच मापाच्या दोन चुका दोन जातींच्या वाटतात. शंका आली की फोटो पाठवणाऱ्याला सांगायचं, कागदावर ठेवून बोटाने लोट. वायर खिळा लोळतो. चूक चौकोनी अंगामुळे खडखडत थांबते.

बरणी एखाद्या पायताण करणाऱ्याच्या घरातली असेल तर चुका जास्त निघतील असं वाटतं, पण अथणी-निपाणीकडचं पारंपरिक कोल्हापुरी पायताण चामड्याच्या वादीने शिवतात, त्यात खिळा नसतो. अशा घरात चुका निघाल्याच तर त्या बुटांच्या दुरुस्तीच्या.

पत्र्याचा खिळा डोक्यावरून कळतो

पत्र्याच्या खिळ्याचं काम पत्रा दाबून धरायचं आणि भोकावाटे पाणी येऊ न द्यायचं. म्हणून त्याचं डोकं दांडीच्या मानाने फार मोठं असतं. वायर खिळ्याचं डोकं साधारण दांडीच्या जाडीच्या दुप्पट, फार तर अडीचपट. सपाट डोक्याचा पत्र्याचा खिळा असेल तर ते तिप्पट किंवा जास्त. छत्रीसारख्या डोक्याचा असेल तर चौपट-पाचपटसुद्धा. ही पट मोजायला नाणंही लागत नाही. फोटो कितीही लहान-मोठा केला तरी डोकं आणि दांडी सोबतच लहान-मोठी होतात.

छत्री खिळा ओळखायला सोपा. डोकं फुगीर, खालून पोकळ. दांडीला बहुधा पीळ असतो, म्हणजे लाकडात शिरल्यावर वाऱ्याच्या झोताने तो सरळ उपसून येत नाही. डोक्याखाली कधी रबराची चकती अजून चिकटलेली असते, कधी तिचा काळा डागच उरलेला असतो. दोन्ही खुणा चांगल्या. जस्ताचा मुलामा असल्यामुळे रंग मंद राखाडी असतो आणि कुठे कुठे थेंब गोठल्यासारखा जाडसर थर दिसतो. आमच्याकडच्या दमट हवेत जुन्या मुलाम्यावर पांढरी भुकटी धरते. तो गंज जस्ताचा असतो, लोखंडाचा गंज तांबडा. पांढऱ्या भुकटीचे खिळे बाद समजून फेकू नका, पुसून पाहा.

एका ठिकाणी मात्र चांगले कारागीरही फसतात. छत्री खिळ्याचं डोकं जुनं झालं की निखळून पडतं, आणि मग उरते नुसती पीळदार दांडी. ती फोटोत पीळ असलेल्या काँक्रीट खिळ्यासारखी दिसते. अशा वेळी वरच्या टोकाला काय आहे ते मोठं करून बघा. काँक्रीट खिळ्याला त्याचं स्वतःचं जाड डोकं असतं. निखळलेल्या खिळ्याच्या वरच्या टोकाला नुसता तुटका शेंडा दिसतो.

फुगीर डोकं म्हटलं की सोफ्याच्या कडेला लावतात ते पितळी रंगाचे खिळेही मध्ये येतात. त्यांची दांडी जेमतेम अर्धा-पाऊण इंचाची आणि बारीक असते, त्यामुळे नाण्याशेजारी ठेवताच प्रश्न मिटतो. अलीकडे पत्र्याला स्क्रूच जास्त लावतात. षटकोनी डोकं आणि दांडीवर आटे दिसले तर तो खिळा नव्हेच, हातोडीने मारू नका.

वायर खिळा की काँक्रीट खिळा

चुका आणि पत्र्याचे खिळे काढले की उरलेल्या ढिगात खरी डोकेदुखी सुरू होते. दोन्ही सरळ, दोन्ही सपाट डोक्याचे, लांबीही तीच. वायर खिळा मऊ पोलादाच्या तारेचा, वाकतो. काँक्रीट खिळा, ज्याला काही जण स्टील खिळा म्हणतात, जास्त कार्बनच्या पोलादाचा आणि तापवून कडक केलेला. तो वाकत नाही, सीमा ओलांडली की फटकन तुटतो. वायर खिळा सिमेंटच्या भिंतीत मारला तर तो वाकतो आणि वेळ जातो, एवढंच. काँक्रीट खिळ्यावर हातोडी तिरकी बसली तर तुकडा उडतो, आणि तो डोळ्याकडे येऊ शकतो. म्हणून या एका जोडीवर जास्त वेळ घालवायचा.

पहिली खूण दांडीवरच्या रेघा. डोक्यापासून टोकाकडे जाणाऱ्या उभ्या खाचा, किंवा तशाच पिळत गेलेल्या खाचा दिसल्या आणि डोकं लहान व जाड असेल, तर तो काँक्रीट खिळा. इथे शंकेला जागा नाही. डोक्याच्या लगेच खाली दोन-चार आडव्या दातेरी रेघा दिसल्या तर मात्र घाई करू नका. पुष्कळ लोक त्यावरून वायर खिळा ठरवतात. यंत्रात डोकं ठोकताना तार ज्या जबड्यात पकडतात त्याचे ते वळ असतात. गुळगुळीत काँक्रीट खिळाही तारेवरूनच घडवतात, त्यामुळे त्यावरही असे वळ येऊ शकतात.

दुसरी खूण जाडीची. त्याच लांबीचा काँक्रीट खिळा वायर खिळ्यापेक्षा जाड असतो. भाच्याच्या फोटोत शेजारी शेजारी पडलेले दोन खिळे मी असे तपासले. फोनच्या पडद्यावर फोटो मोठा करून शाळेची पट्टी लावली. नाणं 40.5 मिलिमीटर भरलं. खरं नाणं 27 चं, म्हणजे पडद्यावर सगळं दीडपट. दोन्ही खिळ्यांची लांबी पडद्यावर 75 आली, म्हणजे खरी 50, दोन इंची. पहिल्याची जाडी पडद्यावर 4 आली, म्हणजे खरी 2.7 च्या आसपास. दोन इंची 12 गेजचा वायर खिळा 2.64 मिलिमीटरचा असतो, तो इथे बरोबर बसला. दुसऱ्याची जाडी पडद्यावर 5.5 होती, म्हणजे खरी साडेतीनच्या थोडी वर.

आता लांबीला जाडीने भागा. पहिल्याचं 75 भागिले 4, साधारण 19. दुसऱ्याचं 75 भागिले 5.5, साधारण 14. पट्टीने पडद्यावर जाडी मोजताना अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. तेवढा फरक धरला तरी पहिला 16 च्या खाली येत नाही आणि दुसरा 15 च्या वर जात नाही. म्हणजे हे दोन एका जातीचे नाहीत असं म्हणायला आधार आहे.

पण हा आकडा कायदा नव्हे. दोन इंचीच पण 10 गेजचा जाड वायर खिळाही मिळतो. तो 3.25 मिलिमीटरचा, त्याचा भागाकार 15 च्या थोडा वर येतो, थेट काँक्रीट खिळ्याच्या अंगणात. उलट लांब काँक्रीट खिळ्याचा भागाकार वाढतो. आणि एक इंचाच्या आसपासच्या खिळ्यांत तर वायर खिळासुद्धा 15-16 वरच असतो. म्हणून हा हिशोब दीड ते अडीच इंचांच्या खिळ्यांना लावा, आणि फक्त संशय वाढवायला किंवा कमी करायला वापरा. (गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो. नवखं गिऱ्हाईक नेहमी उलटं मागतं.)

तिसरी खूण टोकाची. वायर खिळ्याचं टोक चार बाजूंनी तासल्यासारखं, हिऱ्याच्या आकाराचं आणि अणकुचीदार. काँक्रीट खिळ्याचं बहुधा आखूड आणि जरा बोथट. वापरलेल्या खिळ्यात ही खूण झिजलेली असते, तिच्यावर फार भर देऊ नका.

रंग सगळ्यात शेवटी. नवा वायर खिळा तेलकट चकचकीत, जुना तांबडा गंजलेला. काँक्रीट खिळा निळसर पांढऱ्या मुलाम्याचा किंवा काळपट. पण जस्ताचा मुलामा दिलेले वायर खिळेही असतात, आणि ट्यूबलाइटखाली सगळेच निळसर दिसतात.

वापरलेले खिळे जास्त बोलतात

नवे खिळे पुडीत असतात, त्यांना ओळखायची गरजच पडत नाही. बरणीत असतात ते उपसून काढलेले, आणि त्यांच्या अंगावर त्यांचं काम लिहिलेलं असतं. मला वाटतं फोटोत पट्टी लावण्याआधी हेच बघावं.

वाकलेला किंवा वाकवून पुन्हा ठोकून सरळ केलेला खिळा वायरचाच. त्याच्या दांडीवर हलकी लाट राहून जाते, ती फोटोत कागदाच्या कडेशी धरली की दिसते. कडक खिळा असा सरळ करता येत नाही. न वाकता मध्येच तुटलेला, तुटल्या जागी राखाडी दाणेदार तोंड दिसणारा तुकडा काँक्रीट खिळ्याचा. टोकाच्या खाचांत पांढरट भुकटी अडकली असेल तर ती बहुधा सिमेंटची किंवा गिलाव्याची. लाकडातून निघालेल्या खिळ्याला लालसर काळा थर आणि कधी कुसळ चिकटलेलं असतं. चुकेच्या डोक्याखाली गादीच्या कापडाचा धागा सापडतो.

भाच्याच्या ढिगात आठ खिळे असे लाटदार निघाले. त्यांचं मोजमापच केलं नाही.

फोटो जिथे थांबतो

कडकपणा फोटोत दिसत नाही. शंकेचे जे उरतील त्यांच्यासाठी घरी करता येणारी एक परीक्षा आहे. खिळा पकडीत घट्ट धरून दांडीवर कानस दोन-तीन वेळा ओढा. मऊ पोलादावर कानस चावते आणि चकचकीत खाच पडते. कडक खिळ्यावर ती सटकते, नुसता ओरखडा उमटतो. मुलामा असेल तर पहिला ओरखडा त्या मुलाम्याचाच असतो, म्हणून थोडं खोल जाईपर्यंत ओढा. लोहचुंबक लावून पाहू नका, हे सगळेच त्याला चिकटतात. आणि हातोडीने ठोकून वाकतो का बघू या, हा प्रयोग तर अजिबात नको. कडक निघाला तर तुकडा कुठे जाईल सांगता येत नाही. डोळ्यावर चष्मा हवा तो नंतर भिंतीत मारतानाही.

भाच्याच्या पहिल्या मुठीतल्या चोवीस खिळ्यांचा हिशोब शेवटी असा लागला. पाच चुका. तीन छत्री खिळे, त्यांतला एक डोकं निखळलेला. अकरा वायर खिळे, त्यांत ते आठ लाटदार. तीन खाचांचे काँक्रीट खिळे. उरले दोन गुळगुळीत, एक तो साडेतीन मिलिमीटरचा आणि एक त्याचाच जोडीदार. त्याने कानस ओढली. पहिल्यावर सटकली. जोडीदारावर खाच पडली, म्हणजे तो जाड वायर खिळा होता, जाडीवरून मी त्यालाही काँक्रीटमध्येच टाकला असता.

त्याच्या गोठ्याला त्यातले दोनच छत्री खिळे कामाचे होते, तेही नवी रबर चकती घालून. वायर खिळे मारून भागेल का असं त्याने विचारलं. भागत नाही. डोकं लहान असल्याने वाऱ्यात पत्रा हलून भोक मोठं होतं आणि खिळा तिथून निसटतो, आणि उघडं लोखंड एका पावसाळ्यातच तांबडं ओघळू लागतं. पत्र्याचा खिळा मारायचा तो पन्हळीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नाही, कारण पाणी खोलगटातूनच वाहतं. लागतील तेवढे छत्री खिळे त्याने खानापुरातच घेतले, बेळगावची फेरी वाचली. काँक्रीटचे चार खिळे वेगळ्या डबीत घालून वर कागद चिकटवला आहे. बरणीतला उरलेला ढीग तो दर रविवारी मूठ मूठ करून काळ्या छत्रीवर ओततो आणि मला फोटो पाठवतो.